लीड्स वाढताहेत, विक्री घटतेय: एजन्सीला कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने विचारायचे

महिन्याच्या पाच तारखेला एजन्सीचा रिपोर्ट येतो. लीड्स वाढलेल्या, एका लीडचा खर्च कमी झालेला, सगळे बाण हिरवे. त्याच दिवशी अकाउंटंट सांगतो की गेल्या महिन्यात ॲडव्हान्स फक्त सात आले. मग मीटिंग बोलावली जाते आणि बहुतेक मालक पहिलंच वाक्य म्हणतात, "तुमच्या लीड्स बोगस आहेत." एजन्सी म्हणते, "तुमची टीम वेळेवर फोनच करत नाही." तासभर हेच चालतं आणि पुढच्या महिन्यात तोच रिपोर्ट परत येतो.

असं होतं, कारण कोणती लीड पुढे ऑर्डर झाली आणि कोणती कुठे अडकली, हे दाखवणारा कागद दोघांकडेही नसतो. तो आधी तयार करायचा आणि मग ठरावीक क्रमाने प्रश्न विचारायचे. क्रम चुकला की चांगला प्रश्नही वाया जातो.

उदाहरणासाठी नाशिकमधली छतावर सोलर बसवणारी एक छोटी कंपनी धरू. मालक, फोन करणारी दोन माणसं, साइट पाहणारा एक इंजिनिअर. जाहिराती मेटावर म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर, आणि थोड्या गुगल सर्चवर. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण अशा धंद्यात गाडी जिथे अडते त्या जागा खऱ्या आहेत.

## 1. मीटिंगच्या आधी: तुमची स्वतःची शीट

पहिली गोष्ट ॲक्सेस. जाहिरातींची खाती तुमच्या कंपनीच्या नावावर आहेत का आणि तुम्ही त्यात ॲडमिन आहात का, ते बघा. खातं एजन्सीच्या मालकीचं असेल तर निदान बघण्याचा ॲक्सेस मागा. पीडीएफ रिपोर्टवर ही तपासणी होत नाही, कारण पीडीएफमध्ये काय ठेवायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं.

दुसरी गोष्ट, लीड्सची कच्ची यादी. मेटाच्या फॉर्मच्या लीड्स सीएसव्हीमध्ये उतरवता येतात, पण फक्त गेल्या 90 दिवसांच्या. जुन्या लीड्स तुमच्या सीआरएममध्ये किंवा शीटमध्ये साठवलेल्या नसतील तर त्या गेल्या, म्हणून हे काम आजच करा. त्या फाइलमध्ये `created_time`, `ad_name`, `form_name`, `platform` असे कॉलम असतात. ते उडवू नका, पुढे सगळं त्यांवरच उभं राहणार आहे. अनेक ऑफिसांत नाव आणि नंबर तेवढे कॉपी करून फोन करणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकले जातात आणि लीड कोणत्या जाहिरातीतून आली हा धागा तिथेच तुटतो.

तिसरी गोष्ट, लीडची यादी आणि ऑर्डरची यादी मोबाइल नंबरवरून जुळवणं. नंबर एकाच साच्यात नसतात. मेटाच्या फाइलमध्ये `p:+91` असा उपसर्ग येतो, तुमच्या रजिस्टरमध्ये मध्ये स्पेस असते, कुणी सुरुवातीला शून्य लावलेलं असतं. गुगल शीटमध्ये शेवटचे दहा आकडे असे काढा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(A2),"\D",""),10)
```

दोन्ही याद्यांना हे लावलं की `COUNTIF` ने जुळणी दहा मिनिटांत होते. ज्या ऑर्डर कुठल्याच लीडशी जुळत नाहीत त्या हाताने तपासा. नवऱ्याने फॉर्म भरला आणि बिल बायकोच्या नावावर आणि नंबरवर, असं सोलरमध्ये सर्रास होतं.

तपासा: ऑर्डरमधला मोठा हिस्सा जुन्या ग्राहकांच्या ओळखीतून येत असेल तर तो वेगळा काढा. कधी कधी घटलेली विक्री ही ओळखीतून येणाऱ्या कामांतली असते आणि राग मात्र जाहिरातीवर निघतो.

## 2. महिन्याची नाही, लीडच्या जन्मतारखेची विक्री मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "जुलैमध्ये 310 लीड्स आल्या आणि जुलैमध्ये ऑर्डर सात" ही तुलना चुकीची आहे. जुलैत पैसे भरणारा ग्राहक कदाचित मे महिन्यात आलेला असेल. घरगुती सोलरमध्ये पहिला फोन, साइट व्हिजिट, कोटेशन, घरात चर्चा, बँकेचं कर्ज असं करत ॲडव्हान्स यायला महिना-दीड महिना सहज जातो.

म्हणून जुलैत *जन्मलेल्या* लीड्स घ्या आणि त्यांना पुरेसे दिवस द्या. आपण प्रत्येक लीडला 45 दिवस देऊ. म्हणजे जुलैचा खरा हिशेब सप्टेंबरच्या मध्यानंतरच लागतो. एप्रिलच्या लीड्सनाही तेवढेच 45 दिवस, जास्त नाहीत. नाहीतर जुना महिना आपोआप चांगला दिसतो, कारण त्याला पिकायला वेळ जास्त मिळालेला असतो.

शिवाय जुलै म्हणजे पावसाळा. छतावरचं काम पावसात मागे पडतंच. म्हणून गेल्या वर्षीचा जुलैही शेजारी ठेवा.

| | गेल्या वर्षीचा जुलै | यंदाचा एप्रिल | यंदाचा जुलै |
|---|---|---|---|
| रिपोर्टमधल्या लीड्स | 98 | 120 | 310 |
| साइट व्हिजिट | 27 | 34 | 26 |
| 45 दिवसांत ऑर्डर | 9 | 12 | 7 |

एप्रिलमध्ये 60,000 रुपये खर्च झाले होते, म्हणजे एक लीड 500 रुपयांना. जुलैत 93,000, म्हणजे लीड 300 रुपयांना. रिपोर्टमध्ये "खर्चात 40 टक्के बचत" लिहिलं जातं ते इथून. पण एका ऑर्डरचा जाहिरात खर्च 5,000 वरून सुमारे 13,300 वर गेला आहे. हे दोन आकडे एकाच ओळीत लिहून मीटिंगला न्या.

आता गळती कुठे आहे ते बघा. व्हिजिटमधून ऑर्डर होण्याचं प्रमाण एप्रिलमध्ये 34 मागे 12 होतं, जुलैत 26 मागे 7. थोडं घसरलं आहे, पण एवढ्या लहान आकड्यांत दोन ऑर्डर इकडच्या तिकडे झाल्या तरी ते हलतं. खरी पडझड त्याच्या आधी आहे: लीड्स अडीच पटीहून जास्त झाल्या आणि व्हिजिट मात्र कमी. गेल्या वर्षी पावसातच 98 लीड्समधून 27 व्हिजिट निघाल्या होत्या, त्यामुळे सगळा दोष पावसाला देता येत नाही. प्रश्न लीड आणि साइट व्हिजिट यांच्या मधला आहे.

सावध: तुमच्या धंद्यात गळती कोटेशननंतर दिसत असेल तर एजन्सीला धारेवर धरण्याआधी स्वतःचे दर आणि स्पर्धकाचं कोटेशन बघा. एवढ्या पुढे गेलेला ग्राहक बहुतेक वेळा जाहिरातीमुळे तुटत नाही.

## 3. तीस लीड्सना मालकाने स्वतः फोन करायचा

ही पायरी सगळे टाळतात. टाळू नका. शीटमधून जुलैच्या 30 लीड्स निवडा, पण निवडून नव्हे: दर सातवी ओळ घ्या. टीमने "बोगस" शेरा मारलेल्याही त्यात येऊ द्या. विक्री करायची नाही, फक्त विचारायचं: फॉर्म तुम्ही भरला होता का, काय हवं होतं, आणि आमच्याकडून फोन कधी आला?

उत्तरं साधारण अशी येतात. एक जण म्हणतो, "मी कुठे फॉर्म भरला? मोबाइल बघताना हात लागला असेल." दुसरा म्हणतो, "दादा, मी भाड्याने राहतो. 78,000 रुपये मिळतात असं दिसलं, म्हणून विचारलं." आणि तिसऱ्या बाई सांगतात, "तुमच्याकडून चार दिवसांनी एक मिस्ड कॉल होता. तोवर आम्ही दुसऱ्याला ॲडव्हान्स दिला."

पहिलं उत्तर फॉर्मबद्दल आहे, दुसरं जाहिरातीच्या मजकुराबद्दल, तिसरं तुमच्या ऑफिसबद्दल. प्रत्येक फोनपुढे या तिन्हींपैकी एक शेरा लिहा. "योग्य ग्राहक, अजून विचार करतोय" हा चौथा. "फोन उचलला नाही" हा पाचवा, पण वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न केल्यावरच.

तिसऱ्या प्रकारची उत्तरं सात-आठ निघाली तर ते आधी मान्य करा. दोन माणसं महिन्याला 120 लीड्स नीट हाताळत होती. लीड्स वाढल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकीला एकदा रिंग देऊन पुढची ओळ घेतली. म्हणजे निकृष्ट लीड्सच्या गर्दीत चांगली लीडही थंड झाली. हे एजन्सीसमोर स्वतःहून सांगितलंत की "तुमची टीम फोन करत नाही" हा मुद्दा संपतो आणि मूळ प्रश्नाकडे वळता येतं.

## 4. एजन्सीला पहिला प्रश्न: तुम्ही लीड कशाला म्हणता?

दर्जाबद्दल बोलण्याआधी व्याख्या विचारा. मेलवर विचारा, उत्तरही लेखी मागा:

"जुलैच्या 310 लीड्समध्ये कोणकोणत्या कृती मोजल्या आहेत? प्रत्येकीचा आकडा वेगळा द्या. एप्रिलमध्येही याच कृती मोजल्या होत्या का?"

आपल्या उदाहरणात उत्तर आलं: 232 फॉर्म, वेबसाइटच्या व्हॉट्सॲप बटणावर 46 क्लिक, फोन नंबरवर 32 क्लिक. एप्रिलचे 120 मात्र नुसते फॉर्म होते. मे महिन्यात मोजायच्या कृती वाढल्या आणि आलेखाची रेघ चढली. बटणावर बोट लागणं म्हणजे मेसेज येणं नव्हे. ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर त्या 46 पैकी 17 जणांचेच मेसेज सापडले आणि कॉलच्या नोंदीत 32 पैकी 9.

मग फॉर्मच्या यादीत एकच नंबर किती वेळा आला ते बघा. 232 फॉर्ममागे 205 माणसं निघाली. एकूण 205, 17 आणि 9 मिळून 231 माणसं. एप्रिलच्या 120 मागे 112 होती. म्हणजे वाढ आहे, पण अडीच पट नाही, दुपटीच्या आसपास.

गुगलच्या खात्यात दोन गोष्टी स्वतः उघडून बघा. कन्व्हर्जन म्हणजे यश म्हणून मोजली जाणारी कृती; तिच्या सेटिंगमध्ये `Count` हे `Every` वर असेल तर एकाच माणसाने तीनदा फॉर्म भरला की तीन मोजले जातात. लीडसाठी ते `One` असायला हवं. आणि कोणत्या कृती `Primary` आहेत ते बघा. `Primary` कृती नुसती मोजली जात नाही, स्वयंचलित बोली तिच्याच मागे धावते. नंबरवरचा क्लिक `Primary` ठेवला तर सिस्टीम क्लिक करणारी माणसं शोधते, आणि ती तिला स्वस्तात मिळतात.

तपासा: एकच माणूस मेटावरून आणि गुगलवरूनही आला तर दोघं त्याला आपलाच म्हणतात. दोन्ही रिपोर्टची बेरीज तुमच्या यादीपेक्षा थोडी जास्त असणं स्वाभाविक आहे. क्लिकची तारीख आणि फॉर्मची तारीख यांच्या फरकाने एखाद-दोन दिवस मागेपुढे होतात, त्यावरून भांडू नका.

## 5. दुसरा प्रश्न: कोणत्या तारखेला काय बदललं?

"लीड्सचा दर्जा का घसरला" असं विचारलं तर स्पर्धा, अल्गोरिदम, बाजार यांवर भाषण मिळतं. त्याऐवजी तारीख विचारा. तुमच्या शीटमध्ये लीड ते व्हिजिट हे प्रमाण आठवड्याप्रमाणे मांडा, ते ज्या आठवड्यात तुटलं तो शोधा आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यातले बदल मागा. गुगलमध्ये `Change history`, मेटामध्ये `Activity history` या नोंदीत कोणी, कधी, काय बदललं ते राहतं.

आपल्या उदाहरणात मेच्या तिसऱ्या आठवड्यात तीन बदल सापडले.

पहिला, फॉर्मचा प्रकार. मेटाचा फॉर्म `Higher intent` असेल तर पाठवण्याआधी माहिती पुन्हा दाखवून खात्री केली जाते. `More volume` मध्ये ती पायरी नसते. नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आधीच भरलेले, दोन टॅप की लीड. "हात लागला असेल" म्हणणारी माणसं इथून येतात, आणि कधी कधी प्रोफाइलमधला नंबर बंद पडलेला जुना असतो.

दुसरा, काढून टाकलेला प्रश्न. आधी फॉर्ममध्ये महिन्याचं वीजबिल विचारलं जायचं. त्याने फॉर्म अर्धवट सोडणारे वाढतात, म्हणून तो काढला. पण 400 रुपये बिल असणारा आणि 4,000 रुपये बिल असणारा हे सोलरसाठी दोन वेगळे ग्राहक आहेत, आणि तो फरक ओळखण्याची एकमेव जागा गेली.

तिसरा, जाहिरातीचा मजकूर. "तुमच्या छतावर किती वीज तयार होईल?" याऐवजी "78,000 रुपयांपर्यंत सबसिडी" हे मोठ्या अक्षरात आलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती सिस्टीमला ही कमाल रक्कम आहे, त्यामुळे मजकूर खोटा नाही. पण ज्याच्याकडे स्वतःचं छत नाही त्यालाही तो तितकाच ओढतो.

यातला एकही बदल फसवणूक नाही, हे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. लीडचा खर्च कमी करा असं बहुतेक वेळा मालकानेच मार्चमध्ये सांगितलेलं असतं. जे मागितलं ते एजन्सीने दिलं. म्हणून तुमचे जुने मेल मीटिंगआधी काढून वाचा.

## 6. तिसरा प्रश्न: कोणती जाहिरात व्हिजिटपर्यंत पोचली?

आता शीटमधल्या `ad_name` आणि `form_name` वर गट पाडा. जाहिरातीप्रमाणे लीड्स, व्हिजिट, ऑर्डर. इथे रिपोर्टचा क्रम हमखास उलटा होतो: स्वस्त लीड देणारी जाहिरात व्हिजिटमध्ये तळाला आणि महाग वाटणारी वर. जाहिरात नेमकी कुठे दिसली ते कळायला मेटाच्या `Breakdown` मधला `Placement` बघा. `Audience Network` म्हणजे बाहेरची ॲप्स आणि गेम्स. तिथून लीड्सचा ढीग येत असेल तर तो बंद ठेवून बघायला सांगा.

गुगलमध्ये लोकेशनची सेटिंग बघा. `Presence or interest` असेल तर नाशिकमध्ये नुसता रस दाखवणारा बाहेरगावचा माणूसही येतो. जिथे इंजिनिअर छतावर चढायचा आहे त्या धंद्याला `Presence` लागतं.

सावध: पाच लीड्स आणि एक व्हिजिट एवढ्यावर "ही जाहिरात भारी" असं ठरवू नका. जिथे चाळीसेक लीड्स तरी आहेत त्यांचीच तुलना करा.

## 7. चौथा प्रश्न: आमची विक्री सिस्टीमला कळते का?

मेटा आणि गुगल दोघांना जे "यश" कळवलं जातं तशीच माणसं ती शोधतात. आज त्यांना "फॉर्म भरला" एवढंच कळतं. पुढचा टप्पा परत कळवता येतो. गुगलमध्ये त्यासाठी लीडसोबत `GCLID` म्हणजे जाहिरातीवरच्या क्लिकचा आयडी साठवावा लागतो, त्याला वेबसाइटच्या फॉर्ममध्ये एक लपलेलं फील्ड लागतं, आणि क्लिकपासून 90 दिवसांच्या आत तो टप्पा अपलोड करावा लागतो. मेटामध्ये लीडचा आयडी धरून कन्व्हर्जन्स एपीआयने कळवतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे ऑर्डरच कळवण्याचा हट्ट. महिन्याला सात ऑर्डरवरून सिस्टीम काहीच शिकत नाही. मेटाच्या ॲड सेटला स्थिरावायला आठवड्याला साधारण 50 निकाल लागतात. साइट व्हिजिटसुद्धा महिन्याला 26 म्हणजे अपुऱ्या. म्हणून त्याच्या आधीचा टप्पा धरा: फोनवर खात्री झाली की स्वतःचं छत आहे, बिल ठरवलेल्या रकमेच्या वर आहे आणि महावितरणचा ग्राहक क्रमांक मिळाला. याला "पात्र लीड" म्हणा आणि शेरा फोननंतर त्याच दिवशी भरा. एवढेही पुरेसे जमत नसतील तर तांत्रिक जोडणीवर खर्च करू नका. स्वतःचं छत आणि महिन्याचं बिल हे दोन प्रश्न फॉर्ममध्येच घाला, छोट्या कंपनीला बहुतेकदा तेवढी चाळणी पुरते.

## 8. मीटिंगमधून काय ठरवून उठायचं

चार गोष्टी लेखी घ्या. लीडची व्याख्या. पात्र लीडची व्याख्या. रिपोर्टच्या पहिल्या पानावर पात्र लीडचा खर्च आणि व्हिजिटचा खर्च, एकूण लीड्स त्याखाली. आणि फॉर्म किंवा मोजायची कृती बदलायची असेल तर आधी मेल. बदल्यात तुम्ही द्यायचं: दर सोमवारी शेरे भरलेली शीट, आणि ऑफिसच्या वेळेत आलेल्या लीडला अर्ध्या तासात पहिला फोन. तुमचा भाग दिला नाहीत तर पात्र लीडवर एजन्सीला जबाबदार धरता येत नाही, कारण तो शेरा तुमचीच माणसं मारणार आहेत. म्हणून महिन्यातून एकदा "अपात्र" ठरवलेल्या दहा लीड्सना स्वतः फोन करून शेरा बरोबर होता का ते पडताळा.

सगळे बदल एकाच आठवड्यात करू नका. आधी फॉर्म जुन्या प्रकारावर आणा आणि बिलाचा प्रश्न घाला, मजकूर तसाच ठेवा. तीन आठवड्यांनी मजकूर बदला. पहिल्याच आठवड्यात लीड्स अर्ध्यावर येतील, एका लीडचा खर्च 600-700 दिसेल आणि ऑफिसात कुजबूज सुरू होईल. बहुतेक मालक इथे घाबरून जुनं परत चालू करायला सांगतात. तेव्हा फक्त एक आकडा बघा: आठवड्याला किती साइट व्हिजिट ठरल्या. जुलैत त्या सहाच्या आसपास होत्या, एप्रिलमध्ये आठ.

चौथ्या आठवड्यापर्यंत व्हिजिट आठवर आल्या नाहीत आणि तुमचे फोन वेळेत जात असतील तर एजन्सीशी पुढचं बोलणं कराराचं. व्हिजिट आठवर आल्या पण 45 दिवसांनी ऑर्डर तेवढ्याच राहिल्या तर गळती कोटेशनमध्ये आहे. तेव्हा एजन्सीला बोलवायची गरज नाही, इंजिनिअरला घेऊन शेवटची दहा कोटेशन्स समोर ठेवून बसा.